डायलिसिस युनिटमधले दोन जून: एका आहारतज्ज्ञाच्या रेझ्युमेचा प्रकरण अभ्यास

चिपळूणजवळच्या एका खासगी रुग्णालयात चार वर्षं काम केलेली ही आहारतज्ज्ञ. मुंबईतून आहारशास्त्रात एमएस्सी, तिथल्याच एका मोठ्या रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप, मग गावाकडे परत. नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली तेव्हा तिनेही तिकडे अर्ज करायला सुरुवात केली आणि एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. ओळखीतून तिचा रेझ्युमे माझ्याकडे आला. मी स्वतः या जिल्ह्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि मुलाखतीच्या पॅनेलवर अधूनमधून बसते, त्यामुळे असे अर्ज नेहमी बघण्यात येतात. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तिला हवी होती ती जागा अशी: सुमारे सव्वाशे खाटांचं रुग्णालय, क्लिनिकल डायटिशियन, रुग्णालयातला किमान दोन वर्षांचा अनुभव, आरडी म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन असल्यास प्राधान्य, डायलिसिस युनिटचं काम माहीत असावं, एनएबीएच या रुग्णालयांच्या मानांकनाच्या तयारीत हातभार लावता यावा. यातलं आरडी सोडून सगळं तिच्याकडे होतं. रेझ्युमेत मात्र त्यातलं जवळपास काहीच दिसत नव्हतं. रेझ्युमे इंग्रजीत होता आणि इंग्रजीतच जायला हवा होता. खाली त्यातल्या ओळी मराठीत मांडते.

पहिल्या पानावर फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे' असं उद्दिष्ट. ते सगळं काढलं. त्या जागेवर तीन ओळी आल्या: पदवी, नोंदणी, सध्याचं रुग्णालय आणि खाटा. एचआरमधली व्यक्ती अर्ज वेगळे काढताना एवढंच बघते.

नोंदणीची ओळ

खरी अडचण नोंदणीच्या ओळीत होती. तिने लिहिलं होतं, 'रजिस्टर्ड डायटिशियन, आयडीए' आणि पुढे एक क्रमांक. तो क्रमांक इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या आजीव सदस्यत्वाचा होता. सदस्यत्व ठरावीक पात्रता आणि शुल्क भरून मिळतं. आरडी ही वेगळी गोष्ट आहे: असोसिएशनचं आरडी बोर्ड परीक्षा घेतं, तिला बसण्यासाठी ठरलेलं शिक्षण आणि रुग्णालयातली इंटर्नशिप लागते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच नावापुढे आरडी लावता येतं. तिच्याकडे पात्रता होती, परीक्षा दिलेली नव्हती. कॉलेजमध्ये सगळ्या मुली एकत्र सदस्य झाल्या, सगळ्यांनी 'आपण रजिस्टर झालो' असंच म्हटलं, आणि तेच शब्द रेझ्युमेत उतरले.

तिचा हेतू फसवण्याचा नव्हता, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार? ज्या रुग्णालयात आधीपासून एखादी आरडी झालेली आहारतज्ज्ञ आहे, तिथे तो क्रमांक बघताक्षणी ओळखू येतो. मग अर्ज बाजूला पडतो आणि का पडला हे कुणी कळवत नाही. मला वाटतं, तिला फोन न येण्यामागे हीच ओळ सर्वांत जास्त कारणीभूत होती.

ओळ बदलून अशी झाली: 'आजीव सदस्य, इंडियन डायटेटिक असोसिएशन, सदस्य क्रमांक अमुक. आरडी परीक्षेसाठी पात्र. पुढच्या परीक्षेला बसणार.' शेवटचं वाक्य लिहिण्याआधी तिने परीक्षेची तयारी खरोखर सुरू करावी, अशी माझी अट होती. 'बसणार' असं लिहिलं की मुलाखतीत 'कधी?' हा प्रश्न येतोच.

याच्या जोडीला आता तिसरी गोष्ट आली आहे. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ हे पोषणशास्त्राच्या गटात घेतले आणि राज्य परिषदेच्या नोंदवहीची तरतूद केली. आरडी ही व्यावसायिक संघटनेची परीक्षा आहे, तर राज्य परिषदेची नोंदणी कायद्याखालची. म्हणून सदस्यत्व, आरडी आणि राज्य नोंदणी या तिन्ही गोष्टी रेझ्युमेत वेगवेगळ्या ओळींत हव्यात, आणि ज्यातला क्रमांक हातात नाही ती ओळ घालायचीच नाही.

एक बारीक गोष्ट आपल्याकडे फार नडते. तिची पदवी आणि सदस्यत्व माहेरच्या आडनावाने होतं, आधार कार्ड आणि अनुभवाचं पत्र सासरच्या आडनावाने. रेझ्युमेत फक्त सासरचं नाव. कुणी पडताळणी करायला गेलंच तर या नावाची सदस्य सापडणारच नव्हती. शिक्षण आणि नोंदणीच्या ओळींत कागदावर आहे तेच नाव घातलं, आणि वर तिच्या नावाखाली 'पूर्वीचं नाव' म्हणून एकदा नोंद केली. मुलाखतीला जाताना गॅझेटची किंवा विवाह नोंदणीची प्रत फाइलमध्ये ठेवायची.

शेवटच्या पानावर ऑनलाइन कोर्सची आठ प्रमाणपत्रं होती. त्यातलं मधुमेह शिक्षणाचं एक ठेवलं. काही आठवड्यांच्या कोर्समधून मिळालेलं 'सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट' एमएस्सीच्या शेजारी लिहिलं तर एमएस्सीचंच वजन कमी होतं.

रुग्णालयातलं काम

'वॉर्ड राउंड घेणे, आहार आखणे, स्वयंपाकघरावर देखरेख' एवढंच तिने लिहिलं होतं. ही ओळ वीस खाटांच्या नर्सिंग होमलाही लागू पडते आणि पाचशे खाटांच्या रुग्णालयालाही. मी तिला साधे प्रश्न विचारत गेले. खाटा ऐंशी, त्यात आयसीयूच्या दहा. सुरुवातीला आहारतज्ज्ञ दोन होत्या. सहकारी सोडून गेल्यावर दीड वर्ष ती एकटी. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाचं पोषण-स्क्रीनिंग ती २४ तासांच्या आत करत होती: अलीकडे वजन किती घटलं, जेवण किती कमी झालं, बीएमआय किती, आजार किती गंभीर, यावरून गुण देऊन ज्याला धोका आहे त्याचं पूर्ण मूल्यमापन. एनएबीएचचे तपासनीस नेमकी हीच कागदपत्रं मागतात. आणि हे रेझ्युमेत कुठेच नव्हतं, कारण तिच्या मते 'तो फॉर्म तर सगळेच भरतात, ताई'.

आयसीयूतल्या आरटी फीडचं, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून द्यायच्या आहाराचं गणित ती स्वतः करत होती. ५० किलोच्या रुग्णाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी म्हणजे १,२५० ते १,५००, प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम धरली तर ६० ग्रॅम. मग ते किती मिलिलीटरच्या किती फीडमध्ये बसवायचं आणि पोट फुगलं किंवा जुलाब झाले तर किती कमी करायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. स्वयंपाकघर कंत्राटदाराचं होतं. जेवणाच्या वेळी ट्रॉली वॉर्डात जाण्याआधी ती ताटं आणि डाएट शीट ताडून बघायची.

नव्या ओळी अशा झाल्या: '८० खाटा, १० आयसीयू, शेवटचे १८ महिने एकमेव आहारतज्ज्ञ. दाखल रुग्णांचं २४ तासांत पोषण-स्क्रीनिंग व नोंदी. आयसीयूतल्या ट्यूब फीडची आखणी, डॉक्टरांसह रोजचा आढावा. कंत्राटी स्वयंपाकघरातल्या उपचारात्मक आहाराची ताट-तपासणी.' यातला एकही शब्द मोठेपणा सांगत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की या मुलीला दुसऱ्या दिवशी वॉर्डात सोडता येईल.

समुपदेशन

मूळ ओळ: 'मधुमेह, लठ्ठपणा, पीसीओडी, थायरॉइड, रक्तदाब इत्यादी रुग्णांचं समुपदेशन, उत्कृष्ट परिणाम.' आजारांची यादी सगळ्यांच्या रेझ्युमेत हीच असते. 'उत्कृष्ट परिणाम' म्हणजे काय, असं विचारल्यावर तिने स्वतःची वही काढली. वहीत मधुमेहाचे रुग्ण, पहिल्या भेटीचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, आणि तीन महिन्यांनंतरचं. बऱ्याच जणांचं खाली आलेलं. 'हा आकडा घालू का?'

मी नको म्हटलं. वहीतच दिसत होतं की तीन महिन्यांत अनेकांच्या गोळ्या वाढल्या होत्या, दोघांना इन्सुलिन सुरू झालं होतं. उतरलेल्या साखरेत तिचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. फिजिशियन पॅनेलवर बसलेला असेल तर त्याचा पहिला प्रश्न हाच असणार. शिवाय दुसऱ्यांदा एचबीए१सी करून घेणारे रुग्ण बहुतेक वेळा सांगितलेलं ऐकणारेच असतात; जे परत आलेच नाहीत त्यांचं काय झालं ते वहीत नाही.

पण 'परत आले' हा आकडा पूर्णपणे तिचा होता. मंडणगड-दापोलीकडून एसटीने येणारा माणूस साखरेची गोळी घ्यायला डॉक्टरांकडे येतो. आहाराच्या खोलीत पुन्हा यायचं की नाही हे तो पहिल्या भेटीवरून ठरवतो. तिच्याकडे पहिल्यांदा आलेल्या मधुमेहींपैकी तीन महिन्यांत दुसऱ्यांदा येणारे निम्म्याहून जास्त होते. का येत होते, तेही विचारण्यासारखं होतं. ती कुणालाही ओट्स आणि ब्राउन ब्रेड लिहून देत नव्हती. २४ तासांत काय खाल्लं ते विचारताना घरातल्या वाटीचं माप धरायची, उकड्या तांदळाची पेज, भात, तांदळाची भाकरी असं दिवसात किती वेळा येतं ते मोजायची, आणि पहिल्या भेटीत एकच बदल सांगायची: रात्रीच्या भातातली एक वाटी कमी, तिथे कुळथाची पिठी किंवा माशाची एक तुकडी जास्त. पुढचा बदल पुढच्या भेटीत.

रेझ्युमेत हे दोन ओळींत आलं: 'बाह्यरुग्ण विभागात आठवड्याला सुमारे ३० रुग्ण, निम्मे मधुमेही. स्थानिक भातप्रधान जेवणावर आधारित टप्प्याटप्प्याची योजना. पहिल्या भेटीनंतर तीन महिन्यांत परत येणाऱ्या मधुमेहींचं प्रमाण निम्म्याहून अधिक (स्वतःच्या नोंदींनुसार).' कंसातले शब्द तिला नको होते, कमीपणाचे वाटत होते. ते मी ठेवायला लावले. आकडा कुठून आला हे लिहिलं की त्यावर वाद होत नाही.

आखलेला कार्यक्रम

आता सर्वांत मोलाचा भाग. रेझ्युमेत तो 'डायलिसिस रुग्णांसाठी रीनल डाएट प्लॅन तयार केले' एवढाच होता.

तिच्या रुग्णालयात सोळा-सतरा रुग्ण नियमित डायलिसिसवर होते, बहुतेक आठवड्यातून दोनदा. दोन डायलिसिसच्या मधे रुग्णाचं वजन वाढतं. ती वाढ म्हणजे मुख्यतः अंगात साठलेलं पाणी. कोरड्या वजनाच्या, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरच्या वजनाच्या साधारण ४ टक्क्यांच्या आत ती ठेवावी असं पाहिलं जातं. ५० किलोच्या माणसाला म्हणजे दोन किलो. त्याहून जास्त झाली की धाप लागते, आणि एवढं पाणी चार तासांत काढताना रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात.

एका जूनमध्ये तंत्रज्ञाने तिला सांगितलं की बऱ्याच जणांचं वजन अडीच-तीन किलोने वाढून येतंय. पाणी मोजून प्या, हे सांगून झालं होतं. तिने रुग्णांच्या खाटेजवळ बसून आदल्या दोन दिवसांचं जेवण विचारलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ताजे मासे कमी, महाग. घरात पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सुकं बाहेर निघतं, आणि त्यात खारवलेला बांगडा, खारवलेली सुरमई. पेजेबरोबर तोंडी लावायला रोज. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच. तहानलेल्या माणसाला 'पाणी कमी प्या' सांगून उपयोग नसतो.

तिने केलेला कार्यक्रम एका पानाचा होता. खारवलेले मासे डायलिसिसच्या रुग्णाने बंद करायचे. बिनमिठाचा सुका बोंबील चालेल, पण भिजवून, पाणी टाकून, आठवड्यातून एकदा आणि वरून कमी मीठ. जवळा अख्खा, सालासकट खाल्ला जातो, म्हणून त्यातून फॉस्फरस बराच जातो. ज्यांचा फॉस्फरस वाढलेला त्यांनी टाळायचा. प्रथिनं कमी पडू नयेत म्हणून त्या जागी अंड्याचा पांढरा भाग. डायलिसिसवर गेलेल्याला किलोमागे एक ग्रॅमहून थोडं जास्तच प्रथिन लागतं, आणि 'किडनीचा आजार म्हणजे पथ्य' समजून घरचे डाळ-मासे सगळंच बंद करतात, ते तिला थांबवायचं होतं. शहाळ्यावर वेगळी चौकट: एका शहाळ्यात पोटॅशियम पाचशे मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकतं, आणि आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी टाकायचं. पेजेचं पाणी दिवसाच्या पाण्यात मोजायचं. हे पान रुग्णाला न देता घरात रांधणाऱ्या बाईला समजावायचं, डायलिसिस सुरू असताना, बाहेरच्या बाकावर.

हे सांगताना तिने एक आकडा पुढे केला: जुलैत सुरू केलं आणि सप्टेंबरमध्ये वजनवाढ स्पष्ट कमी. तिने तो तसाच लिहायचा ठरवला होता. इथे मी तिला थांबवलं. ऑगस्टमध्ये बंदी उठते, होड्या जातात, ताजा बांगडा बाजारात येतो. तिने काहीच केलं नसतं तरी सप्टेंबरमध्ये मीठ कमी झालं असतं. कोकणातला डॉक्टर पॅनेलवर असेल तर हे त्याच्या लगेच लक्षात येईल.

डायलिसिसच्या नोंदवहीत प्रत्येक सत्राच्या आधीचं आणि नंतरचं वजन असतं. तुलना करायचीच तर पहिल्या जून-जुलैची पुढच्या वर्षीच्या जून-जुलैशी, आणि तीही दोन्ही वर्षं युनिटमध्ये असलेल्या रुग्णांचीच. तिने युनिटप्रमुखांची लेखी परवानगी घेतली, नावं न उतरवता आकडे काढले. दोन्ही पावसाळ्यांत असलेले अकरा जण निघाले. पहिल्या वर्षी ४ टक्क्यांहून जास्त वाढ जवळपास निम्म्या सत्रांत होती, दुसऱ्या वर्षी साधारण तिसऱ्या हिश्शात.

सप्टेंबरच्या आकड्याइतकं हे डोळ्यांत भरणारं नव्हतं आणि ती थोडी खट्टू झाली. माझ्या मते मात्र तिच्या चार वर्षांतलं हे सर्वांत पक्कं काम आहे. मधल्या वाढीवर मुख्य हात मीठ आणि पाण्याचाच असतो, म्हणजे आहाराचा. शिवाय डायलिसिसवर वर्ष सरत जातं तसं उरलंसुरलं लघवीचं प्रमाणही कमी होतं, त्यामुळे त्याच माणसांची वाढ दुसऱ्या वर्षी जास्त व्हायला हवी होती. ती कमी झाली. तरी अकरा रुग्ण म्हणजे अकराच, आणि त्या वर्षात कुणाचं कोरडं वजन नव्याने ठरवलं असेल तर टक्केवारी तेवढी हलते. म्हणून ओळ जपून लिहिली: 'डायलिसिस रुग्णांसाठी पावसाळी आहार कार्यक्रम (मीठ, द्रव, पोटॅशियम, स्थानिक सुक्या मासळीवर भर), नेफ्रॉलॉजिस्टच्या मान्यतेने. युनिटच्या नोंदींनुसार, ११ रुग्णांत सलग दोन वर्षांच्या जून-जुलैची तुलना: ४ टक्क्यांहून जास्त वजनवाढीची सत्रं सुमारे निम्म्यावरून एक-तृतीयांशावर.'

मूळ अर्जाला तिने नमुना म्हणून एका डिस्चार्ज डाएट शीटचा फोटोही जोडला होता. त्यावर रुग्णाचं नाव, आयपी क्रमांक, आजार सगळं वाचता येत होतं. तो काढून टाकला आणि आधी गेलेल्या अर्जांच्या जागी नवी प्रत पाठवायला सांगितलं. नमुना द्यायचाच तर डायलिसिसचं ते एक पान, रुग्णालयाच्या परवानगीने, कुणाच्याही नावाशिवाय.

दोन पानांचा नवा रेझ्युमे त्याच रुग्णालयाला गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. नोंदणीवर एकच प्रश्न आला, आरडी कधी देणार. तिने अर्जाची तारीख सांगितली. बाकी जवळपास सगळा वेळ नेफ्रॉलॉजिस्ट बोलले. त्यांनी विचारलं की घरच्यांनी सुकं पूर्ण सोडलं नाही तर काय सांगता. ती म्हणाली, 'सर, सोडा म्हटलं तर ते लपवून खातात. म्हणून मी आधी विचारते, घरात खारवलेलं काय आहे आणि नुसतं वाळवलेलं काय आहे.' त्यांनी मग जवळ्यातल्या फॉस्फरसबद्दल विचारलं, फॉस्फरस बांधून ठेवणारी बाइंडरची गोळी जेवणाबरोबर घ्यायची की नंतर हे विचारलं, आणि तिने जेवणाबरोबर असं सांगून कारणही दिलं. नेमणूक सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर झाली, वर्षभरात आरडी उत्तीर्ण होण्याच्या अटीसह. डायलिसिस युनिट तिच्याकडेच दिलं आहे, आणि पहिल्याच आठवड्यात तिने तिथल्या नोंदवहीत आहाराच्या नोंदीसाठी एक रकाना मागून घेतला.